उलटीकडून बेरीज बरोबर येते हे पटलं, पण सुलटी बेरीज जास्त कशी भरते?

कृष्णाकाठची (धागाकर्ती), मंगळवार रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी सांगलीत एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या मुलांना संख्यात्मक पद्धती शिकवते. आज प्रॅक्टिकलला एका मुलीने असा प्रश्न विचारला की मी फळ्यापाशी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. उत्तर आलं नाही. घरी येऊन जेवणं उरकली तरी डोक्यातून जाईना, म्हणून इथे मांडते.

प्रयोग अगदी साधा आहे. १ + १/४ + १/९ + १/१६ ... ही श्रेणी π²/6 कडे जाते, म्हणजे १.६४४९३४ कडे. मुलांना मी `float` मध्ये दहा लाख पदांची बेरीज दोनदा करायला लावते, एकदा पहिल्या पदापासून आणि एकदा शेवटच्या पदापासून.

```c
#include <stdio.h>
int main(void) {
    float s = 0, t = 0;
    long k, n = 1000000;
    for (k = 1; k <= n; k++) s += 1.0f / ((float)k * k);
    for (k = n; k >= 1; k--) t += 1.0f / ((float)k * k);
    printf("%.6f\n%.6f\n", s, t);
}
```

पडद्यावर हे येतं:

```
1.644725
1.644933
```

दुसरं उत्तर बरोबर आहे. दहा लाखांच्या पुढची पदं आपण घेतलीच नाहीत, ती मिळून साधारण ०.०००००१ भरतात, तेवढीच तूट दिसते. पहिलं मात्र चौथ्या दशांशालाच चुकलंय. मी दरवर्षी सांगते तेच सांगितलं: बेरीज मोठी झाली की लहान पदं तिच्यात बुडतात, म्हणून लहानांना आधी एकत्र येऊ द्यायचं. `k` ४०९६ झाला की सुलटी बेरीज हलायचीच थांबते, हेही छापून दाखवलं.

तेव्हा ती मुलगी म्हणाली, "मॅडम, पदं बुडतात तर बेरीज कमी पडायला हवी. पहिल्या ४०९६ पदांची खरी बेरीज मी `double` मध्ये काढली, ती १.६४४६९० येते. आपली तर तिथे १.६४४७२५ आहे. जास्तीचं कुठून आलं?"

मी स्वतः तपासलं, तिचं बरोबर आहे. थांबायच्या आधीच बेरीज फुगलेली असते. कुणी नीट समजावून सांगेल का?

---

तासगावचा_बेदाणा

ताई, `float` कशाला वापरता? त्यात सातच अंक मावतात. ०.००००००१ सारखी बारीक संख्या त्यात बसतच नाही, म्हणून गोंधळ होतो. `double` घ्या, प्रश्न मिटला. आजकाल मेमरीची काय कमतरता आहे?

---

आयर्विन_पूल

बेदाणा, `double` चा सल्ला वापरायला चांगला आहे, पण त्यामागचं कारण चुकलंय आणि या धाग्यात ते कारणच महत्त्वाचं आहे. `float` मध्ये ०.००००००१ व्यवस्थित बसते. त्याहून हजारो पटींनी बारीक संख्याही बसते, तिचेही सातेक अंक पूर्ण शाबूत राहतात. एकटी असताना कुठलीच संख्या अडचणीत नसते. अडचण येते ती मोठ्या संख्येच्या शेजारी बसताना, कारण उत्तर मोठीच्या मापाने लिहावं लागतं.

ताई, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न फार मोलाचा आहे. मी नोकरीत अनेक वर्षं फोरट्रानमध्ये आकडेमोड केली आणि हे 'बुडतात' असं मीही कित्येकांना सांगितलं असेल. ते अर्धंच सत्य आहे. उद्या सकाळी कागद-पेन घेऊन बसतो आणि सविस्तर लिहितो.

---

हळदपेठ

आमच्या मार्केट यार्डात हाच घोळ रोज असतो. अडतीच्या बिलात प्रत्येक ओळीला पैसे राऊंड केले आणि खाली एकूण वेगळं राऊंड केलं की रुपया-दोन रुपयांचा फरक येतो, मग शेतकरी विचारतो. आम्ही तर बिलं लहान रकमेपासून लावून बघितली, तरी फरक जात नाही. म्हणजे लहान-मोठ्याचा काही संबंध नाही असं माझं मत.

बाकी काट्याचं उदाहरण घ्या. भुईकाटा दहा-दहा किलोंनी वाचतो. ट्रकवर चार किलोंची पिशवी ठेवली तर आकडा हलत नाही. तसंच असणार.

---

आयर्विन_पूल, बुधवार सकाळी ७:१५

हळदपेठ, तुमच्या बिलात फरक पडतो तो बेरजेच्या आधीच. प्रत्येक ओळ पैशात कापली की त्या ओळीतलं जे जायचं ते गेलं, मग ओळी कशाही लावा, बेरीज तीच. तिथे क्रमाचा संबंध नाही हे तुमचं म्हणणं तुमच्या बिलापुरतं खरं आहे. रक्कम पूर्ण पैशांत, पूर्णांक म्हणून धरली तर बेरजेत काहीच सांडत नाही.

पण भुईकाट्याचं उदाहरण तुम्ही फार कामाचं दिलंत, कारण ते जिथे जुळत नाही तिथेच ताईंचं उत्तर दडलंय. काट्यावर चार-चार किलोंच्या तीन पिशव्या ठेवल्या तर आकडा दहाने वाढतो, कारण खालच्या ताटाला खरं वजन माहीत असतं, आकडा फक्त दाखवायला असतो. संगणकाच्या बेरजेला ताट नसतं. पहिली पिशवी ठेवली, आकडा हलला नाही, की ती पिशवी जगातूनच गेली. दुसरी ठेवली, तीही गेली. आणि सहा किलोंची पिशवी ठेवली तर आकडा दहाने वाढतो, आणि ते दहा पुढे खरे धरले जातात. पुन्हा सहा ठेवले की पुन्हा दहा.

हे सहाचे दहा होणं म्हणजेच तुमचं जास्तीचं, ताई. आता आकडे घेऊन बघू.

`float` मध्ये १ आणि २ यांच्या मधे ८३,८८,६०८ एकसारख्या पायऱ्या असतात. सुलट्या बेरजेत पहिलं पदच १ आहे, म्हणजे बेरीज पहिल्या क्षणापासून या जिन्यावर चढते आणि शेवटपर्यंत तिथेच राहते. दोन पायऱ्यांच्या मधे उभं राहायला जागा नाही. म्हणून प्रत्येक पद 'किती पायऱ्यांचं' आहे एवढंच बघायचं: ८३,८८,६०८ भागिले k². उत्तर जवळच्या पूर्ण पायरीवर जातं.

`k` = ३५०० घ्या. पद आहे ०.६८५ पायरीचं. अर्ध्याहून जास्त, म्हणून एक पूर्ण पायरी चढली. `k` = ३५०१, तेच. `k` २८९७ झाल्यापासून ४०९६ पर्यंत प्रत्येक पद एका पायरीहून लहान आणि अर्धीच्या खाली न गेलेलं आहे. ही १२०० पदं. प्रत्येकाने एक अख्खी पायरी चढवली, म्हणजे १२०० पायऱ्या. खरी बेरीज किती? साधारण ८४८ पायऱ्या. ३५२ पायऱ्या फुकटच्या चढल्या.

त्याच्या आधीच्या टप्प्यात उलट होतं. `k` २३६५ ते २८९६ या ५३२ पदांची किंमत एक ते दीड पायरी आहे, सगळी खाली कापून एकावर येतात. खरं ६५२ पायऱ्या व्हायला हव्यात, झाल्या ५३२. इथे १२० गमावल्या. त्याच्याही आधी दीड ते दोन पायऱ्यांची पदं वर जाऊन दोन होतात, तिथे ८५ च्या आसपास कमावल्या. असं कमी-जास्त, कमी-जास्त मागे मागे चालतं, दर टप्प्याला रक्कम लहान होत जाते. सगळं जमेला धरलं की २९७ च्या आसपास पायऱ्या जास्त उरतात. एका पायरीची उंची ०.००००००११९. गुणाकार करा: ०.००००३५. तुमच्या विद्यार्थिनीच्या दोन आकड्यांतला फरक बघा, १.६४४७२५ वजा १.६४४६९०. तोच आहे.

आणि ४०९६ लाच का थांबते? ४०९६ चा वर्ग १,६७,७७,२१६, म्हणजे ८३,८८,६०८ च्या बरोब्बर दुप्पट. ते पद अचूक अर्ध्या पायरीचं आहे. त्याच्या पुढचं प्रत्येक पद अर्धीहून लहान. तिथून पुढे दहा लाख काय, दहा अब्ज पदं टाकली तरी आकडा जागचा हलणार नाही.

---

कृष्णाकाठची

काका, मी आत्ता वहीत ८४८ चा आकडा ताडून बघितला. १/२८९६.५ वजा १/४०९६.५, गुणिले ८३,८८,६०८. येतो! इतकी वर्षं 'बुडतात' म्हणत आले आणि बुडण्याआधी ही फुगवटी असते हे कधी बघितलंच नाही.

आता उलट्या बेरजेचंही याच जिन्यावर सांगाल का? तिथे पण पायऱ्या आहेतच की.

---

आयर्विन_पूल

आहेत, पण जिना वेगळा. बेरीज निम्मी झाली की पायरीही निम्मी होते. उलटीकडून येताना बेरीज सुरुवातीला अगदी बारीक असते, म्हणून पायऱ्याही बारीक, आणि बेरीज वाढेल तशा त्या हळूहळू मोठ्या होतात.

तेच ४०९६ वं पद धरा. उलटीकडून त्याच्यापर्यंत पोहोचतो तेव्हा बेरीज साधारण ०.०००२४३ असते. त्या उंचीवर पायरी इतकी बारीक की हेच पद ४०९६ पायऱ्यांचं भरतं. सुलटीकडून जे अर्ध्या पायरीचं होतं, तेच. त्यात अर्ध्या पायरीची चूक झाली तरी ती पदाच्या आठ हजाराव्या भागाएवढी.

दर बेरजेला जास्तीत जास्त अर्ध्या पायरीची चूक होते, आणि पायरीची उंची त्या क्षणी हातात असलेल्या बेरजेवर ठरते. म्हणजे वाटेत हातात जेवढं कमी ओझं, तेवढी चूक कमी. सुलटीकडून दहा लाख वेळा हातात दीड-पावणेदोन होतं. उलटीकडून `k` पाशी हातात फक्त १/k च्या आसपास असतं, ते १.६४ ला पोहोचतं ते अगदी शेवटच्या एका पदाला. सगळी पदं धन असतील तर लहानाकडून मोठ्याकडे जाताना वाटेतल्या बेरजा शक्य तितक्या लहान राहतात. या पद्धतीचं बळ एवढंच आहे.

---

पायथनप्रेमी

मला हे काही दिसत नाहीये. मी नमपायमध्ये केलं. `np.float32` चा अॅरे घेऊन `np.sum(a)` आणि `np.sum(a[::-1])`, दोन्ही १.६४४९३३. क्रमाने काही बदलत नाही. हे जुन्या कम्पायलरचं काहीतरी असेल.

---

आयर्विन_पूल

`np.cumsum(a)[-1]` करून बघा.

---

पायथनप्रेमी

अरेच्चा. 1.644725. एकाच अॅरेची बेरीज `sum` ने वेगळी आणि `cumsum` ने वेगळी?

---

आयर्विन_पूल

`cumsum` ला प्रत्येक टप्प्याची बेरीज दाखवायची असते, म्हणून तो एकामागून एक जातो, ताईंच्या प्रोग्रामसारखा. `np.sum` मात्र सलग अॅरे अर्धा-अर्धा तोडत जातो, लहान तुकड्यांच्या बेरजा करतो आणि मग त्या जोड्यांनी एकमेकांत मिळवतो. त्यामुळे साधारण सारख्या वजनाच्या संख्या एकमेकींना भेटतात. क्रम न बदलता जवळपास तोच फायदा मिळतो. तुम्हाला फरक दिसला नाही, कारण नमपायने तो आधीच सांभाळला होता. पायथनचा साधा `sum` सुद्धा ३.१२ आवृत्तीपासून `float` च्या बेरजेत सांडलेलं सांभाळून घेतो, म्हणून आवृत्ती बघितल्याशिवाय अशा प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये.

---

मोटारपंप

मी गणितातला नाही, मिरजेकडे पाणीपुरवठ्याच्या पॅनलची कामं करतो. पण काकांचं ते सहाचे दहा वाचलं आणि अंगावर काटा आला. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

एका गावाच्या योजनेवर फ्लोमीटर होता, त्याचं एकूण लिटर पीएलसीमध्ये मोजायचं होतं. प्रोग्राम आधीच कुणीतरी करून ठेवलेला. दर १०० मिलिसेकंदाला त्या क्षणाचा प्रवाह घ्यायचा, त्याचा दहावा भाग एकूणात मिळवायचा. एकूण ३२ बिटांच्या रिअलमध्ये. प्रवाह सेकंदाला ६ लिटरच्या आसपास, म्हणजे दर वेळी ०.६ लिटर. पंप दिवसाला आठेक तास चालायचा.

पहिले दोन आठवडे हिशेब टाकीशी जुळला. मग मीटर कमी दाखवायला लागला. ऑपरेटर म्हणाला गळती नाही, मीटरच खराब. मी सेन्सर साफ केला, वायरी तपासल्या. पुढे काही आठवड्यांनी एकदम उलट, मीटर धावायलाच लागला, टाकीत आलेल्या पाण्यापेक्षा दीडपटीहून जास्त. ग्रामपंचायतीत माझ्यावर आरडाओरडा झाला. सेन्सर बदलला. आणि मग एक दिवस आकडा थांबलाच. पाणी पाइपात धो धो चाललंय, हात लावला तर थरथर जाणवते, आणि पडद्यावर 16777216. दोन दिवस तेच. मी तो आकडा हातावर लिहून घेतला होता, अजून पाठ आहे.

तेव्हा मी एकूण शून्य करून दिलं आणि निघालो. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. काका, हे तेच ना?

---

आयर्विन_पूल

मोटारपंप, तंतोतंत तेच, आणि तुमच्या तिन्ही टप्प्यांचा हिशेब लागतो. तुम्ही सेन्सर उगाच बदललात, त्याची काहीच चूक नव्हती.

एकूण २०,९७,१५२ च्या वर गेलं की पायरी पाव लिटरची होते. ०.६ जवळच्या पायरीवर, ०.५ वर येतात. पुढे ४१,९४,३०४ च्या वर पायरी अर्ध्या लिटरची, तरी ०.५ च. म्हणजे सेकंदाला ६ ऐवजी ५ लिटर मोजले जातात. हे तुमचं 'कमी दाखवणं'. ८३,८८,६०८ च्या पुढे पायरी एका लिटरची. ०.६ चा झाला १. आता सेकंदाला ६ ऐवजी १०, हे 'धावणं'. आणि १,६७,७७,२१६ ला पायरी दोन लिटरची होते, ०.६ ही अर्ध्या पायरीपेक्षा कमी, आकडा ठप्प. रोज आठ तास पंप चालला तर या सगळ्याला साधारण ८५ दिवस लागतात. तुम्ही म्हणालात तसे तीन महिनेच.

प्रत्यक्षात प्रवाह थोडा वर-खाली होत असेल, त्यामुळे टक्के इतके स्वच्छ दिसले नसतील. पण एक खूण कायम लक्षात ठेवा. अडकलेला आकडा १६७७७२१६ किंवा त्याच्या दुपटी-निमपटीचा असेल तर सेन्सरला हात लावण्याआधी बेरीज कशात साठवली आहे ते बघा.

---

कृष्णाकाठची

मोटारपंप दादा, तुमचा हा किस्सा मी वर्गात सांगणार आहे, गावाचं नाव न घेता. पण इथे लहानाकडून मोठ्याकडे कसं जाणार? पाणी येईल तसं मोजायचं. उलटीकडून सुरुवात करायला शेवट आधी माहीत पाहिजे.

---

मोटारपंप

ताई, शेवटी मी जे केलं ते सांगतो. एका जाणत्या माणसाने सुचवलं होतं, कारण तेव्हा कळलं नव्हतं. एक लहान डबा ठेवला. ०.६ त्यात पडत राहायचे. डब्यात १००० लिटर झाले की त्यातून १००० वजा करायचे आणि पूर्णांकाच्या मोठ्या काउंटरमध्ये १ मिळवायचा. उरलेलं डब्यातच राहतं. त्याला आता बरीच वर्षं झाली, पुन्हा तक्रार नाही.

---

आयर्विन_पूल

अगदी योग्य केलंत. हजाराखाली पायरी इतकी बारीक असते की ०.६ ची चूक लाखात पाच भागांच्या आतच राहते, आणि मोठा काउंटर पूर्णांक असल्याने तिथे काही सांडतच नाही. लहानांनी आधी लहानांत मिसळायचं आणि मग मोठ्याकडे जायचं. क्रम हातात नसतो तेव्हा हीच वाट.

क्रम हातात नसतानाची दुसरी वाट विल्यम कहान यांनी १९६५ मध्ये दाखवली. दर बेरजेत किती सांडलं ते मोजून बाजूला ठेवायचं आणि पुढच्या पदात घालायचं. ताई, मुलांकडून हे नक्की करून घ्या:

```c
float s = 0, c = 0;
for (k = 1; k <= n; k++) {
    float y = 1.0f / ((float)k * k) - c;
    float t = s + y;
    c = (t - s) - y;
    s = t;
}
```

सुलटाच क्रम, `float` च, आणि उत्तर १.६४४९३३. हळदपेठ, हे तुमच्या काट्याला ताट बसवण्यासारखं आहे: दाखवलेला आकडा वेगळा, आणि न दाखवलेलं उरलंसुरलं `c` मध्ये जपलेलं. फक्त कम्पाइल करताना `-ffast-math` देऊ नका. शाळेच्या बीजगणिताने `(t - s) - y` शून्य होतं, आणि त्या पर्यायाने कम्पायलरला ते पुसून टाकायची परवानगीच मिळते.

---

वारणावारा

मी दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या लॅबमध्ये अजून टर्बो सी आहे. ताईंचा प्रयोग मी `int k` घेऊन `1.0/(k*k)` असा लिहिला, तर प्रोग्राम मधेच बंद पडला. हीपण `float` चीच चूक का?

---

आयर्विन_पूल

नाही, ही वेगळी. टर्बो सी मध्ये `int` १६ बिटांचा. १८२ चा वर्गच त्यात मावत नाही, ऋण होतो, आणि २५६ चा वर्ग तर शून्य होतो. मग शून्याने भागाकार. आधी `float` करून मग गुणा, ताईंनी लिहिलंय तसं. ३२ बिटांच्या `int` मध्येही हेच ४६,३४१ ला होतं, फक्त उशिरा.

---

तासगावचा_बेदाणा

काका, माझं कारण चुकलं हे मान्य. पण `double` ने प्रश्न मिटतो हे तरी बरोबर ना?

---

आयर्विन_पूल

लांबतो. `double` मध्ये ही श्रेणी `k` साडेनऊ कोटींच्या जवळ गेल्यावर थांबते. तोपर्यंत चूक कुणाला जाणवणारही नाही, म्हणून रोजच्या कामात `double` च घ्यावं. पण या श्रेणीसाठी खरं शहाणपण वेगळंच आहे. फक्त १००० पदं घ्या आणि उरलेल्या शेपटीच्या जागी १/१०००.५ मिळवा. १.६४३९३४५६६७ अधिक ०.०००९९९५००२. उत्तर नऊ दशांशांपर्यंत बरोबर येतं, आणि कोटी पदांची गरजच राहत नाही.

---

वारणावारा

मग परीक्षेत 'नेहमी लहानाकडून मोठ्याकडे' असं लिहिलं तर चालेल?

---

आयर्विन_पूल

'नेहमी' लिहू नका. पदं धन असतील तर. e⁻²⁰ ची श्रेणी घ्या, पदं आळीपाळीने धन-ऋण. उत्तर २.०६ × १०⁻⁹, आणि वाटेतलं सगळ्यात मोठं पद ४ कोटी ३१ लाखांच्या घरातलं. `double` मध्ये तेवढ्या उंचीवर पायरी ७.४५ × १०⁻⁹ ची. म्हणजे उत्तर पायरीच्या तिसऱ्या भागाहूनही लहान. ते मोठं पद साठवतानाच उत्तराएवढी चूक होऊ शकते, मग पदं कशीही लावा. तिथे e²⁰ काढायचं, ज्यात सगळी पदं धन आहेत, आणि मग एक भागिले ते.

---

कृष्णाकाठची, गुरुवार रात्री १०:२०

आज वर्गात पायऱ्यांचा हिशेब फळ्यावर केला. ज्या मुलीने प्रश्न विचारला तिनेच उठून ३५२ आणि १२० काढले. मोटारपंप दादा, तुमचा 16777216 मुलांनी आपणहून वहीत लिहून घेतला.

पण तिने तिथेच थांबायला नको होतं म्हणून आज १/k घेऊन तेच केलं. ही श्रेणी तर अनंताकडे जाते, तरी `float` मध्ये सुलटी बेरीज २०,९७,१५२ व्या पदाला १५.४०३६८३ वर थांबते. तेवढ्या पदांची खरी बेरीज १५.१३३३०७. म्हणजे इथेही फुगवटी, आणि केवढी मोठी! हे आता तिला समजतं, ८ ते १६ मधल्या पायऱ्या मोजल्या तिने.

मग एक कोटी पदांची उलटी बेरीज केली. ती १६.६८६०३१ आली. खरी १६.६९५३११ आहे. काका, ही तर उलटीकडून आहे, पदं सगळी धन आहेत, तरी दुसऱ्या दशांशाला चुकली. १/k² ला उलटी इतकी नेमकी आणि १/k ला अशी का?

---

आयर्विन_पूल

ताई, अर्धं उत्तर आत्ता देतो. १/k ची पदं फार हळू लहान होतात. उलटीकडून पहिली दहा लाख पदं मिळवून होतात तोवर हातात ०.१०५ जमलेलं असतं, आणि नवं पद तिथे जेमतेम पंधरा पायऱ्यांचं. १/k² मध्ये हेच पद हजारो पायऱ्यांचं होतं. शिवाय शेजारची हजारो पदं जवळपास सारखी, म्हणून सगळ्यांचं कापणं एकाच दिशेला होतं आणि चुका एकमेकींना खात नाहीत, साचत जातात. बेरीज इथे कमी आली यावरून खाली कापणारे टप्पे भारी पडले एवढं दिसतं. पण सुलटीत वर आणि उलटीत खाली असं का पडलं, हे मी टप्पे न मोजता सांगणार नाही. पायरी बेरजेबरोबर बदलत जाते, त्यामुळे हिशेब १/k² इतका सरळ नाही.

तिला म्हणावं, बेरीज ०.५, १, २, ४, ८ ओलांडते त्या जागी `k` किती असतो ते आधी छापून घे. तिथून दोघं मिळून मोजू. शनिवारी मी मोकळा आहे.

---

मोटारपंप

शनिवारी मीही धागा बघतो. माझ्या डब्यात १००० ऐवजी १,००,००० ठेवले असते तर काय झालं असतं, तेवढं तेव्हा सांगा.